मोटरला सांगतं कोण?

पॉलिटेक्निकच्या मशीन लॅबमध्ये तोंडी परीक्षा चालू होती. बाहेरून आलेले परीक्षक तसे शांत गृहस्थ. समोर डीसी शंट मोटरचा लोड टेस्ट मांडलेला, पट्टा घट्ट करत नेला की ॲमीटरचा काटा वर सरकत होता. विद्यार्थ्याने रीडिंग नीट घेतली होती, आलेखही सुबक काढला होता. परीक्षकांनी वही मिटली आणि विचारलं, "लोड वाढला की मोटर जास्त करंट घेते, हे तू लिहिलंयस. पण लोड तर शाफ्टला आहे. सप्लायला जोडलेल्या तारा तिकडे, पट्टा इकडे. मग लोड वाढलाय हे सप्लायला सांगतं कोण?"

मुलाने फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खिडकीकडे पाहिलं.

हा प्रश्न मी नंतर कित्येक बॅचना विचारला. समीकरण सगळ्यांना येतं: V = Eb + IaRa. त्यातला Eb म्हणजे बॅक ईएमएफ, हेही येतं. पण 'बॅक' या शब्दाने घोटाळा केलेला असतो. बहुतेकांच्या मनात तो एक अडथळा असतो. मोटर बिचारी पुढे जायला बघतेय आणि हा मागे ओढतोय, हा नसता तर किती बरं झालं असतं, असं काहीतरी. प्रत्यक्षात परीक्षकांच्या प्रश्नाचं उत्तर तोच आहे. शाफ्टवर काय चाललंय ते सप्लायला कळतं ते त्याच्याच मार्फत. आणि तो नसता तर मोटरने एका थेंबाचंही काम केलं नसतं, नुसती तापली असती. हे पटवायला एक मोटर हातात घेऊ आणि तिच्यातल्या एकाच तारेपासून सुरुवात करू.

मोटर अशी: २२० व्होल्टची डीसी शंट, ५ हॉर्सपॉवर म्हणजे ३.७ किलोवॅट, फुल लोडला १५०० आरपीएम. तेव्हा आर्मेचरचा करंट २० अँपिअर, आर्मेचरचा रेझिस्टन्स १ ओहम. चार पोल. आर्मेचरची त्रिज्या ७ सेंटिमीटर, लांबी १२ सेंटिमीटर, आणि त्यावर ७२० तारा बसवलेल्या. आकडे मी हिशेब सोपा व्हावा म्हणून गोल घेतलेत, पण लॅबमधल्या मोटरपासून ते फार लांब नाहीत.

आर्मेचरमध्ये करंटला जायला दोन समांतर वाटा आहेत, म्हणून २० अँपिअरमधले १० एका तारेच्या वाट्याला येतात. पोलखालच्या हवेच्या फटीत चुंबकीय क्षेत्राची घनता ०.६ टेस्ला धरू. आता तारेवरचं बल काढायचं म्हणजे घनता, करंट आणि लांबी यांचा गुणाकार: ०.६ × १० × ०.१२, म्हणजे ०.७२ न्यूटन. हे किती? साधारण ७३ ग्रॅमच्या वजनाएवढं. एका तारेला मिळणारा धक्का एवढाच, तळहातावर ठेवला तर नीट जाणवणारही नाही.

पण हा धक्का अक्षापासून ७ सेंटिमीटर लांब बसतो, म्हणजे एका तारेचा टॉर्क ०.०५ न्यूटन-मीटर. आणि तारा ७२० आहेत. त्यातल्या सगळ्याच एका वेळी पोलखाली नसतात. दोन पोलांच्या मधल्या मोकळ्या जागेत काही सापडतात, त्यांना जवळजवळ काही मिळत नाही. सत्तर टक्के पोलखाली आहेत असं धरलं तर ५०४ तारा एकाच दिशेने ढकलतात आणि एकूण टॉर्क भरतो २५.४ न्यूटन-मीटर. मोठा टॉर्क म्हणजे असे पाचशे किरकोळ धक्के एकत्र आलेले.

ते एकाच दिशेने यावेत ही कम्युटेटरची कामगिरी. उत्तर पोलखालची तार एका पोलांतरानंतर दक्षिण पोलखाली जाणार. करंटची दिशा तीच राहिली तर तिथे धक्का उलटा बसेल आणि आर्मेचर जागच्या जागी थरथरत राहील. म्हणून तार मधल्या मोकळ्या जागेतून जात असतानाच ब्रशखालचे कम्युटेटरचे पत्रे बदलतात आणि तिच्यातला करंट उलटा होतो. तारा फिरत राहतात, पण उत्तर पोलखाली पाहाल तेव्हा करंट एकाच दिशेचा दिसेल. शाळेत शिकलेला डाव्या हाताचा नियम इथे प्रत्येक तारेला वेगळा लावायची गरज नाही, एका पोलला एकदा लावला की झालं.

एक बारीक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण पुस्तकं ती सहसा गाळतात. तारा आर्मेचरच्या पृष्ठभागावर उघड्या नसतात, लोखंडातल्या खाचांमध्ये बसवलेल्या असतात. फ्लक्स सोपी वाट म्हणून बहुतांशी खाचेच्या दोन्ही बाजूंच्या लोखंडी दातांमधून जातो, तारेतून फार थोडा. त्यामुळे खरा जोर बसतो तो दातांवर, तारेच्या इन्सुलेशनवर नव्हे. हे बरंच आहे, नाहीतर तारा खाचेच्या भिंतीवर चिरडत राहिल्या असत्या. टॉर्कचं उत्तर मात्र तार उघडी समजून काढलं तरी बरोबर तेवढंच येतं, म्हणून आपण तोच हिशेब पुढे नेऊ.

आता त्याच तारेकडे पुन्हा पाहा. ती ढकलली गेली, म्हणून हलली. १५०० आरपीएमला तिचा वेग सेकंदाला ११ मीटर होतो. म्हणजे चुंबकीय क्षेत्रातून एक तार सेकंदाला ११ मीटर वेगाने धावते आहे. हे वाक्य कुठे ऐकल्यासारखं वाटतं? जनरेटरच्या धड्यात. तार क्षेत्र कापते तेव्हा तिच्यात व्होल्टेज निर्माण होतं, मग ती तार इंजिनाने फिरवली असो की तिच्यातल्याच करंटने. क्षेत्राला त्याची चौकशी नसते.

१८७३ साली व्हिएन्नाच्या जागतिक प्रदर्शनात हेच जगाला ठळकपणे दिसलं. तिथे ग्रामच्या दोन यंत्रांना एकमेकांशी जोडलं, एक इंजिनाने फिरवलं आणि दुसरं त्या विजेवर मोटर म्हणून फिरू लागलं. यंत्राची रचना एकच होती. फिरवलं तर जनरेटर, वीज दिली तर मोटर. फिरत्या मोटरमध्ये या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असतात, हे मात्र प्रदर्शनातल्या दोन वेगळ्या यंत्रांकडे पाहून लक्षात येत नाही.

आपल्या तारेचा हिशेब करू. व्होल्टेज म्हणजे घनता, लांबी आणि वेग यांचा गुणाकार: ०.६ × ०.१२ × ११, म्हणजे ०.७९२ व्होल्ट. एका वाटेत ३६० तारा एकामागोमाग आहेत, त्यातल्या सत्तर टक्के म्हणजे २५२ पोलखाली. २५२ गुणिले ०.७९२ केलं की उत्तर येतं जवळपास २०० व्होल्ट. आणि याची दिशा? लेन्झने १८३४ मध्ये मांडलेला नियम सांगतो की निर्माण झालेलं व्होल्टेज आपल्या कारणाला विरोध करतं. इथे कारण म्हणजे सप्लायने आत ढकललेला करंट. म्हणून हे २०० व्होल्ट सप्लायच्या २२० व्होल्टना समोरून भिडतात. उरतात २०. आर्मेचरचा रेझिस्टन्स १ ओहम, म्हणून करंट २० अँपिअर. जिथून निघालो तिथेच परत आलो.

सायकल चालवताना तोंडावर येणारा वारा आठवा. हवा अगदी स्थिर असली तरी तो लागतो, कारण तो तुमच्याच वेगातून आलेला असतो. थांबलात की वारा नाही, जोरात गेलात की जास्त. बॅक ईएमएफ तसा मोटरच्या स्वतःच्या वेगातून येतो. पण उपमा इथेच सोडून देऊ, कारण पुढे ती चुकीचं शिकवते. वाऱ्याला दिलेली ताकद सायकलस्वाराची वाया जाते. बॅक ईएमएफला दिलेली ताकद वाया जात नाही.

त्याच एका तारेवर दोन हिशेब करून पाहा. यांत्रिक बाजूने ०.७२ न्यूटनचं बल, ११ मीटर प्रति सेकंद वेग: ७.९२ वॅट. विजेच्या बाजूने ०.७९२ व्होल्टच्या विरोधातून १० अँपिअर जातोय: ७.९२ वॅट. हा योगायोग नव्हे. दोन्हीकडे तेच चार घटक गुणलेले आहेत, घनता, लांबी, करंट आणि वेग, फक्त कोण कोणाशी आधी जोडला एवढाच फरक. तार विजेकडून जेवढी ताकद घेते तेवढीच, पैन् पै, शाफ्टला देते. आणि ती घेण्याची जागा म्हणजेच बॅक ईएमएफ. पूर्ण मोटरसाठी २०० व्होल्ट गुणिले २० अँपिअर, ४००० वॅट फिरण्यात गेले. त्यातले ३०० बेअरिंगचं घर्षण, हवा आणि लोखंडातला तोटा यांनी खाल्ले, ३७०० शाफ्टवर मिळाले. आर्मेचरमध्ये उष्णता म्हणून गेले ते राहिलेल्या २० व्होल्टचे, म्हणजे ४०० वॅट. तेव्हा 'बॅक ईएमएफमुळे होणारा लॉस' असं उत्तरपत्रिकेत लिहिलेलं वाक्य मी लाल शाईने खोडतो. समीकरणातला लॉस दुसऱ्या पदात आहे.

आता परीक्षकांच्या प्रश्नाकडे. मोटरवर लोड नाही, पट्टा सैल आहे. घर्षणापुरता टॉर्क हवा, त्याला साधारण दीड अँपिअर पुरतो. दीड अँपिअर जायचा तर बॅक ईएमएफ २१८.५ व्होल्ट हवा, आणि तो मिळायला वेग हवा १६४० च्या आसपास. मोटर तिथे स्थिर आहे. तुम्ही पट्टा आवळला. त्या क्षणी करंट दीडच आहे, सप्लायला काही कळलेलं नाही. पण शाफ्टवरचा विरोध मोटरच्या टॉर्कपेक्षा मोठा झाला, म्हणून वेग घसरू लागला. वेग घसरला म्हणून तारा क्षेत्र सावकाश कापू लागल्या, बॅक ईएमएफ उतरला. २१० व्होल्टवर आला तेव्हा करंट १० अँपिअर झाला, वेग १५७५. तेवढा टॉर्क पुरला तर मोटर तिथे थांबते. नाही पुरला तर आणखी घसरते, आणखी करंट घेते, फुल लोडला १५०० वर स्थिरावते.

म्हणजे सांगणारा वेग आहे आणि निरोप्या बॅक ईएमएफ. गंमत अशी की वेग १६४० वरून १५०० वर आला, नऊ टक्क्यांनीच घटला, पण करंट तेरापट झाला. कारण करंट ठरवणारी गोष्ट म्हणजे दोन मोठ्या आकड्यांमधली छोटी तफावत. २२० मधून २१८.५ वजा करा आणि २२० मधून २०० वजा करा. मोठा आकडा थोडासा हलला तरी वजाबाकी कित्येक पट बदलते. शंट मोटर जवळपास स्थिर वेगाची का म्हणतात, त्याचं कारणही हेच.

आणि ज्या क्षणी वेग शून्य असतो, त्या क्षणी काय? वजा करायला काहीच नसतं. २२० व्होल्ट, १ ओहम, २२० अँपिअर. फुल लोडच्या अकरापट. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, तेव्हा ४०० वॅटच्या जागी ४८,४०० वॅट. घरातला गीझर २ किलोवॅटचा धरला तर चोवीस गीझर एका बादलीएवढ्या आर्मेचरमध्ये एकदम चालू केल्यासारखं. शिवाय टॉर्कही अकरापट, तो शाफ्टला आणि कपलिंगला झटका देतो, आणि ब्रशखाली ठिणग्यांची माळ लागते ती वेगळीच. वाइंडिंगच्या इंडक्टन्समुळे करंट क्षणार्धात शिखर गाठत नाही हे खरं, पण तो उशीर मोटर वेग घ्यायला लागणाऱ्या वेळेपुढे किरकोळ आहे.

म्हणून स्टार्टर. तो काही मोटरला 'चालू' करत नाही, बॅक ईएमएफ तयार होईपर्यंत त्याच्या जागी उभा राहतो. सुरुवातीचा करंट ३० अँपिअरवर रोखायचा असेल तर एकूण रेझिस्टन्स २२० भागिले ३०, म्हणजे ७.३३ ओहम हवा. एक ओहम आर्मेचरचा आहेच, ६.३३ बाहेरून. हँडल पहिल्या बटणावर आणलं की मोटर ३० अँपिअरवर, दीडपट टॉर्कने उचलते. लोड हलका असेल तर वेग चढतो. ५५० आरपीएमला बॅक ईएमएफ ७३ व्होल्ट झाला आणि करंट २० वर उतरला. आता हँडल दुसऱ्या बटणावर. तिथे एकूण रेझिस्टन्स ४.८९ ओहम ठेवला असेल तर करंट परत ३० होतो, परत उतरतो. प्रत्येक वेळी एकूण रेझिस्टन्स दोन तृतीयांश करत गेलं तर पाच पायऱ्यांनंतर तो जवळजवळ एक ओहमवर येतो, म्हणजे बाहेरचा सगळा निघून गेला, आर्मेचर एकटं राहिलं. सहा बटणं का, याचं उत्तर या भागाकारात आहे.

मी स्वतः विद्यार्थी असताना हे उत्तर मला ठाऊक नव्हतं. हँडल दुसऱ्या बटणावर आलं, मोटरने आवाज धरला, मला वाटलं आता झालंच की, आणि एका दमात शेवटपर्यंत ओढलं. आज हिशेब करता येतो: ५५० आरपीएमला ७३ व्होल्ट, उरलेले १४७, एक ओहम, १४७ अँपिअर. त्या दिवशी फक्त फ्यूजचा 'फट्' ऐकू आला आणि जळक्या पोर्सेलीनचा वास आला. इन्स्ट्रक्टर जवळ आले, काही बोलले नाहीत, फ्यूजची तार माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आता तूच भर." त्यानंतर मी हँडल कानाने ओढायला शिकलो. मोटरचा आवाज एका सुरावर स्थिर झाला की पुढचं बटण.

शेवटच्या बटणावर हँडलला धरून ठेवतं ते नो-व्होल्ट कॉइल. त्याला नीट समजून घ्या, कारण ते नेमकं बॅक ईएमएफच्या अनुपस्थितीसाठीच आहे. वीज गेली, मोटर थांबली, बॅक ईएमएफ गेला. हँडल मात्र शेवटच्याच बटणावर राहिलं तर वीज परत येताच २२० अँपिअर. म्हणून वीज जाताच कॉइल सोडतं आणि स्प्रिंग हँडलला मागे नेते. एका लॅबमध्ये हे कॉइल कमजोर झालं होतं, हँडल सारखं सुटायचं. कुणीतरी ते सुतळीने बांधून ठेवलं. तीन दिवस छान चाललं. चौथ्या दिवशी दुपारी पाच मिनिटं वीज गेली आणि आली. त्या मोटरचा कम्युटेटर नंतर लेथवर घ्यावा लागला.

थ्री-पॉइंट स्टार्टरमध्ये हे कॉइल फील्डच्या सिरीजमध्ये असतं. फील्डची तार तुटली तरी ते हँडल सोडतं. ही सोय कशासाठी, ते समजायला बॅक ईएमएफचा सर्वांत चकवणारा खेळ पाहावा लागेल.

समजा फुल लोडवर चालणाऱ्या आपल्या मोटरचा फ्लक्स फील्ड रिओस्टॅटने दहा टक्के कमी केला. क्षेत्र कमकुवत झालं म्हणजे तारेवरचा धक्का कमी, टॉर्क कमी, वेग कमी होणार, असं सगळ्यांना वाटतं. होतं उलट. वेग अजून १५०० आहे, पण फ्लक्स नऊ दशांश, म्हणून बॅक ईएमएफ २०० वरून १८० वर आला. करंट २० वरून ४० वर, म्हणजे दुप्पट. टॉर्क म्हणजे फ्लक्स गुणिले करंट: ०.९ गुणिले २, १.८ पट. मोटर जोरात पुढे सरकते आणि १६५० च्या आसपास, २२ अँपिअरवर स्थिरावते. क्षेत्र दहा टक्के घटलं, पण त्याने करंटचा लगाम त्याहून कितीतरी जास्त सैल केला.

आता फील्ड पूर्ण तुटलं तर? लोखंडात थोडं चुंबकत्व उरतं, पाच टक्के धरू. १५०० वर बॅक ईएमएफ फक्त १० व्होल्ट. करंट २१० अँपिअर, पण टॉर्क ०.०५ गुणिले साडेदहा, म्हणजे फुल लोडच्या निम्म्याच्या आसपास. पुढे काय होतं ते शाफ्टवर काय आहे यावर ठरतं. पूर्ण लोड असेल तर मोटर मंदावत थांबते आणि तापते. लोड नसेल तर हा निम्मा टॉर्कही भरपूर आहे, मोटर वेग घेत सुटते, कारण तिला रोखण्याएवढा बॅक ईएमएफ तयार व्हायला भलताच वेग लागतो. फ्यूज वेळेवर उडाला नाही तर वाइंडिंगचे बंध तुटून तारा बाहेर येतात. 'फील्ड तुटलं की मोटर पळते' हे वाक्य सगळे पाठ करतात, पण ते बिनलोडच्या मोटरचं आहे. आणि मोटर सुरू करताना फील्डचा रिओस्टॅट शून्यावर, आर्मेचरचा कमालवर, हा लॅबचा नियम कशासाठी ते इथे दिसतं: फ्लक्स पूर्ण हवा, म्हणजे कमी वेगातच पुरेसा बॅक ईएमएफ उभा राहील.

बिघाड शोधतानाही हीच दोरी धरावी. करंट जास्त आणि वेग कमी असेल तर लोड जास्त आहे किंवा बेअरिंग धरलंय. करंट जास्त आणि वेगही जास्त असेल तर लोडकडे पाहू नका, फील्डकडे पाहा. आणि करंट नेहमीएवढाच पण वेग कमी असेल तर आर्मेचरच्या वाटेत कुठेतरी जादा रेझिस्टन्स राहिलाय. दोन ओहम राहिले असतील तर २० अँपिअरवर ६० व्होल्ट रेझिस्टन्समध्येच जातात, बॅक ईएमएफ १६०, वेग १२००. लोडला हवा तेवढा टॉर्क मिळतोय म्हणून ॲमीटर तक्रार करत नाही, पण त्या दोन ओहममध्ये ८०० वॅट जळताहेत. आर्मेचर रिओस्टॅट विसरलात किंवा एखादं टर्मिनल सैल असेल, हाताने न शिवता शोधा.

हेच सगळं मुंबईकरांनी जवळजवळ शतकभर पायाखाली अनुभवलं. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर, आणि मुंबईच्या लोकलमधून हा डीसी सप्लाय पूर्ण गेला तो एप्रिल २०१६ मध्ये, हार्बर मार्गावर. त्या जुन्या गाड्यांमध्ये सिरीज मोटर होत्या. गाडी उभी असताना बॅक ईएमएफ शून्य, म्हणून मोटर आधी एकामागोमाग जोडायच्या, बरोबर रेझिस्टन्सही घालायचे, वेग येत गेला की एकेक रेझिस्टन्स काढायचा आणि मग मोटर समांतर करायच्या. जुनी लोकल स्टेशन सोडताना पायऱ्यापायऱ्यांनी हिसके देत वेग घ्यायची, ते हिसके म्हणजे आपल्या स्टार्टरचीच बटणं. दर स्टेशनला त्या रेझिस्टन्समध्ये जळणारी वीज हा त्या पद्धतीचा मोठा तोटा होता.

घरी याची चुणूक पाहायची तर मिक्सर आहे. त्याची मोटर एसीवर चालणारी, पण कम्युटेटर आणि ब्रशवाली, त्यामुळे फिरण्यातून येणारा विरोध तिथेही आहे. ओल्या खोबऱ्याच्या वाटणात पातं अडकलं की आवाज दबतो, गरम वास येतो आणि खालचं लाल बटण बाहेर येतं. पातं थांबलं, विरोधी व्होल्टेज गेलं, करंट चढला. बटण परत दाबण्याआधी भांडं काढून पातं हाताने फिरतंय का पाहावं, हे आई कुठलंही समीकरण न शिकता करते.

आता एक विनंती. पुढच्या वेळी लोड टेस्ट कराल तेव्हा रीडिंगच्या तक्त्यात दोन रकाने जास्त आखा. एकात Eb लिहा, सप्लाय व्होल्टेजमधून करंट गुणिले आर्मेचर रेझिस्टन्स वजा करून. दुसऱ्यात त्याला आरपीएमने भागा. आपल्या मोटरला दोनशे भागिले पंधराशे आणि दोनशे दहा भागिले पंधराशे पंचाहत्तर, दोन्ही वेळा ०.१३३ येतं. तुमच्या मोटरचा आकडा थोडा हलेल. ब्रशवर साधारण दोन व्होल्ट पडतात ते आपण धरले नाहीत, आणि मोठ्या करंटला आर्मेचरचं स्वतःचं क्षेत्र फ्लक्स थोडा बिघडवतं. पण आकडा जास्तच हलला तर आधी रेझिस्टन्स तपासा. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, पन्नास अंश तापलेल्या आर्मेचरचा एक ओहम जवळजवळ १.२ झालेला असतो. सकाळी थंड मोटरवर मोजलेला रेझिस्टन्स दुपारच्या रीडिंगना लावू नका. मोटर बंद केल्याबरोबर, गरम असतानाच तो पुन्हा मोजा.